दुसरं दार कशासाठी?

तिघांचं घर, स्वयंपाकघर बेताचं आणि फ्रिज घ्यायचा आहे. अशा वेळी बोलणं बहुधा एकाच वाक्यावर येऊन थांबतं, "जागा कमी आहे ना, मग सिंगल डोअरच घेऊ." वाक्य इतकं सरळ आहे की त्याला टेप लावून बघायचं कुणाच्या मनात येत नाही. लावली तर वेगळंच दिसतं. १९०-२०० लिटरचा सिंगल डोअर साधारण ५३ ते ५६ सेंटिमीटर रुंद असतो. २४०-२६० लिटरचा फ्रॉस्ट-फ्री डबल डोअर ५५ ते ६०. पुढून मागे मोजलं तरी फरक दोन-चार बोटांचाच. जमिनीवरची जागा दोघेही जवळपास सारखीच अडवतात. डबल डोअर वाढतो तो डोक्याकडे. सिंगल डोअरची उंची बहुतेक वेळा ११५ ते १३५ सेंटिमीटर, तर डबल डोअरची १४५ ते १७०.

तेव्हा 'जागा कमी' म्हणजे नेमकी कुठली कमी, हा पहिला प्रश्न. फरशीवरची कमी असेल तर सिंगल डोअर घेऊन फारसं काही वाचत नाही. डोक्यावरची कमी असेल, म्हणजे वर कपाट किंवा माळा असेल, तर मात्र सगळा हिशेब बदलतो. त्याकडे नंतर येऊ, कारण त्याआधी आणखी एक गैरसमज बाजूला करायला हवा, लिटरचा.

१९० लिटरवरून २५० लिटरवर गेलं की ६० लिटर जागा वाढली असं वाटतं, आणि भाजी, दूध, उरलेलं अन्न ऐसपैस मावेल असं चित्र डोळ्यांपुढे येतं. दोन्ही फ्रिजची माहितीपत्रकं शेजारी ठेवून कप्प्यांचे आकडे वेगळे वाचा. १९० लिटरच्या सिंगल डोअरमध्ये फ्रीझर साधारण १५ ते १८ लिटरचा असतो, बाकी सगळा खालचा भाग. २५० लिटरच्या डबल डोअरमध्ये फ्रीझरच ५० ते ६० लिटर घेतो. म्हणजे वाढलेल्या ६० लिटरमधले ४० च्या आसपास फ्रीझरकडे गेले, आणि रोजच्या भाजी-दुधाच्या वाट्याला वीसेक लिटर आले. वीस लिटर म्हणजे दोन मध्यम पातेली आणि दोन बाटल्या. त्यातही डबल डोअरच्या मागच्या भिंतीजवळ हवेच्या वाटा मोकळ्या ठेवाव्या लागतात, त्यामुळे कप्पा काठोकाठ भरता येत नाही. खालच्या कप्प्यात गर्दी होते म्हणून डबल डोअर घेणाऱ्यांची निराशा होते ती इथेच.

म्हणून माझ्या मते या दोन फ्रिजमधली निवड ही जागेची किंवा माणसांच्या संख्येची निवड नाहीच. ती फ्रीझरची निवड आहे. तुमच्या घरी फ्रीझरमध्ये काय असतं आणि ते किती दिवस तिथे असतं, एवढं सांगा. उत्तर अर्धंअधिक तिथेच मिळतं.

फ्रीझरच्या दारावर किंवा माहितीपत्रकात छोट्या चांदण्या छापलेल्या असतात. विजेच्या बचतीच्या तारांकनाशी त्यांचा काही संबंध नाही, आणि दुकानात या दोन्हींचा गोंधळ सर्रास होतो. फ्रीझरवरची एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. गोठवलेलं पदार्थाचं पाकीट एका चांदणीत आठवडाभर, दोन चांदण्यांत महिनाभर आणि तीन चांदण्यांत तीन महिन्यांपर्यंत ठेवता येतं, असा ढोबळ संकेत आहे. सिंगल डोअरचा फ्रीझर बऱ्याचदा एक-दोन चांदण्यांचाच असतो. बर्फ तिथे मस्त होतो, कारण पाणी शून्याला गोठतं. आइस्क्रीम मात्र मऊ पडतं, कारण साखरेमुळे ते उणे ६ अंशांना अर्धवटच गोठलेलं असतं. 'फ्रीझर बिघडलाय, बर्फ होतो पण आइस्क्रीम पातळ राहतं' ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या फ्रिजमध्ये पुष्कळदा काहीच बिघडलेलं नसतं.

आता गारवा तयार होतो तो दोन्हीकडे कसा, हे जरा जवळून पाहू. पुढच्या बहुतेक तक्रारी इथूनच जन्मतात.

नेहमीच्या सिंगल डोअरला 'डायरेक्ट कूल' म्हणतात. त्यात वरचा फ्रीझरचा ॲल्युमिनियमचा डबा हाच गार करणारा भाग असतो. त्याच्या पत्र्यातच नळ्या दाबून बसवलेल्या असतात आणि त्यातून गॅस फिरतो. डब्याला लागलेली हवा थंड होते, जड होते आणि आपसूक खाली उतरते. पंखा नाही, पडदा नाही. त्यामुळे डब्याच्या खालचा ट्रे सगळ्यात गार, मधले कप्पे मध्यम, आणि तळातली भाजीची पेटी सगळ्यात कमी गार. दूध वर आणि पालेभाजी खाली, ही ठेवण त्यातूनच आली आहे.

दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते, तिच्यातलं पाणी त्या डब्यावर बर्फ होऊन बसतं आणि तिथेच राहतं. बर्फ गार असतो म्हणून तो मदतच करत असेल असं वाटतं, पण भुसभुशीत बर्फ म्हणजे डब्याला घातलेला स्वेटर. थर पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे गेला की आतली थंडी बाहेर यायला अडते, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि खालचे कप्पे कोमट होतात. शिवाय जागा जाते ती वेगळीच. समजा डबा आतून ४० सेंटिमीटर रुंद, ३० खोल आणि १३ उंच आहे. म्हणजे साडेपंधरा लिटर. वर, खाली आणि दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर बर्फ साचला की उरतं ३८ बाय ३० बाय ११, म्हणजे साडेबारा लिटर. पाचवा हिस्सा गेला. अशा फ्रीझरच्या दाराला खालून बर्फ लागून ते नीट बसेनासं झालं की मग बर्फाचा वेग आणखी वाढतो.

हा बर्फ काढायची रीत सोपी आहे, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. आदल्या दिवशीपासून फ्रीझर रिकामा करत आणायचा. रात्री थर्मोस्टॅटच्या बटणाच्या मधोमध असलेलं छोटं डीफ्रॉस्टचं बटण आत दाबायचं. त्याने कॉम्प्रेसर थांबतो, आणि डब्याचं तापमान पुरेसं वाढलं की बटण आपोआप बाहेर येऊन फ्रिज पुन्हा सुरू होतो. डब्याखालचा ट्रे जागेवर आणि रिकामा आहे ना, हे त्याआधी बघायचं. पाणी त्यात आणि तिथून मागच्या नळीवाटे खाली जातं. घाई असेल तर फ्रीझरमध्ये गरम पाण्याचं भांडं एका पाटावर ठेवून दार लावून घ्यायचं, अर्ध्या-पाऊण तासात तुकडे हाताने सुटतात.

सुरी, चमचा, पेचकस यांपैकी काहीही त्या बर्फाला लावायचं नाही. हे सगळेच सांगतात, पण कारण कुणी सांगत नाही. सुरीच्या टोकाखाली बर्फानंतर लगेच तो नळ्यांचा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. टाचणीएवढं भोक पडलं की फुस्स असा आवाज येतो आणि गॅस जातो. ॲल्युमिनियमवरचं असं भोक टिकाऊ बुजवणं अवघड असतं. बहुतेकदा अख्खा डबा बदलावा लागतो, गॅस पुन्हा भरावा लागतो, आणि फ्रिज जुना असेल तर तो खर्च परवडतच नाही.

काही सिंगल डोअरवर 'ऑटो डीफ्रॉस्ट' लिहिलेलं असतं. बटण न दाबता फ्रिज ठरावीक वेळाने स्वतः बर्फ वितळवतो, एवढाच त्याचा अर्थ. गारवा तयार करण्याची रीत डायरेक्ट कूलचीच राहते. फ्रॉस्ट-फ्री ही वेगळी यंत्रणा आहे. सिंगल डोअरमध्ये फ्रॉस्ट-फ्री मिळतच नाही असं नाही, पण लहान आकारात ती क्वचितच असते. म्हणून विकणाऱ्याने 'यात बर्फ होत नाही' म्हटलं तर फ्रीझरच्या मागच्या भिंतीवर हवेच्या फटी आहेत का, ते पाहावं. फटी असतील तर आत पंखा आहे.

फ्रॉस्ट-फ्रीमध्ये गार करणारी जाळीदार कॉइल फ्रीझरच्या मागच्या प्लॅस्टिकच्या भिंतीआड लपवलेली असते. एक छोटा पंखा तिच्यावरून हवा ओढतो, फ्रीझरमध्ये सोडतो, आणि त्यातलीच थोडी हवा एका झडपेतून खालच्या कप्प्याला देतो. खालच्या कप्प्याची सगळी थंडी उसनी, वरून आलेली. बर्फ इथेही होतो, फक्त आपल्याला दिसत नाही, कारण तो त्या भिंतीआड कॉइलवर बसतो. ठरावीक तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, कॉइलखालचा हीटर पेटतो, बर्फ वितळतो आणि पाणी नळीतून खाली कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये पडतं. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते वाफ होऊन उडून जातं. कोथिंबिरीच्या उघड्या जुडीतलं पाणी पंख्याच्या हवेबरोबर वर जातं, कॉइलवर बर्फ होतं, हीटरने वितळतं आणि शेवटी तुमच्याच स्वयंपाकघराच्या हवेत मिसळतं. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये उघडी भाजी लवकर कोमेजते ती यामुळे. उपाय हाच की पालेभाजी झाकणाच्या डब्यात किंवा पिशवीत ठेवायची, आणि भाजीच्या पेटीवरची काच नीट बसवायची. ती काच शोभेची नाही, पंख्याची हवा भाजीपर्यंत जाऊ नये म्हणून आहे.

या यंत्रणेत बिघडण्यासारखे सुटे भाग जास्त आहेत: पंखा, हीटर, त्याचा सेन्सर, फ्यूज, झडप, नियंत्रणाचा बोर्ड. ते रोज बिघडतात असं मुळीच नाही. पण बिघाड झाला की तो ओळखू येत नाही, कारण बर्फ लपलेला असतो. सगळ्यात नेहमीचा बिघाड असा दिसतो: फ्रीझर बऱ्यापैकी गार आहे, पण खाली दूध नासायला लागलं आहे. लोक थर्मोस्टॅट वाढवतात, दोन दिवस बघतात, मग 'गॅस संपला' असा निष्कर्ष काढतात. खरं तर हीटर किंवा त्याचा सेन्सर गेलेला असतो, कॉइल बर्फात गाडली गेलेली असते आणि खाली हवाच येत नसते. काही वेळा पंख्याचं पातं बर्फाला घासल्याचा खर्रखर्र आवाजही येतो.

मेकॅनिकला बोलवण्याआधी घरच्या घरी एक चाचणी करता येते. फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून पूर्ण २४ तास जाऊ द्या. खाली फडकी अंथरा, कारण पाणी बरंच येतं. मग सुरू करा. फ्रिज चार-आठ दिवस उत्तम चालून पुन्हा तेच रडगाणं सुरू झालं, तर दोष बर्फ वितळवणाऱ्या हीटर-सेन्सरच्या साखळीत आहे. गॅस कमी असता तर असा पूर्ण गुण आलाच नसता. ही एक ओळ मेकॅनिकला सांगितली तर उगाच गॅस भरण्याचा खर्च वाचतो.

दुसरी नेहमीची तक्रार पाण्याची. भाजीच्या पेटीखाली तळं साचतं, किंवा फ्रीझरच्या तळाशी काचेसारखा बर्फाचा पापुद्रा धरतो. वितळलेलं पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली असते, कधी बर्फाने, कधी कचऱ्याने. बर्फ वितळवून सिरिंजने कोमट पाणी सोडलं की बहुतेक वेळा ती मोकळी होते. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक वाकतं.

तिसरी गोष्ट बिघाड नाहीच, पण तक्रार म्हणून येते. दोन दारांच्या मधली पट्टी आणि फ्रिजच्या बाजू हाताला गरम लागतात. दारांच्या चौकटीवर दव धरू नये म्हणून गरम गॅसची नळी मुद्दाम त्या पट्टीतून नेलेली असते. आणि आजकाल मागची काळी जाळी दिसत नसेल, तर उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्यांच्या आत असतात. कोपऱ्यात फ्रिज बसवताना हे फार कामाला येतं, कारण अशा फ्रिजला बाजूला हवा हवी. मागे जाळी असेल तर मागे.

विजेचं थोडक्यात. समजा हीटर १५० वॅटचा आहे आणि दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं चालतो. म्हणजे दिवसाला ०.१ युनिट, वर्षाला साडेछत्तीस. त्यात त्याने आत टाकलेली उष्णता पुन्हा बाहेर काढायची वीज आणि पंख्याची थोडी वीज धरा. एकाच दर्जाच्या डायरेक्ट कूलपेक्षा फ्रॉस्ट-फ्री जास्त वीज खातो त्यामागे हे आहे, शिवाय त्याचा फ्रीझर मोठा आणि जास्त गार असतो. लेबलवरचा वर्षाचा युनिटचा आकडा दोघांचा शेजारी ठेवून वाचावा. ताऱ्यांची संख्या बघून नाही, कारण ती त्या-त्या प्रकारातली तुलना असते. आणि बोटभर बर्फ साठवलेला सिंगल डोअर लेबलवरच्या आकड्याशी प्रामाणिक राहत नाही, हेही लक्षात असू द्यावं.

आता जागेकडे. एक कोपरा घेऊ आणि तो आकड्यांनी सोडवू. डावीकडे ओटा संपतो, उजवीकडे भिंत. मधली फट ६४ सेंटिमीटर. ओटा ६० सेंटिमीटर खोल. फटीच्या वर भिंतीतलं कपाट, त्याचा तळ जमिनीपासून १६२ सेंटिमीटरवर. समोरच्या ओट्यापर्यंतची मोकळी वाट, फ्रिज बसल्यावर, ९५ सेंटिमीटर. घरात तिघं. दोन फ्रिज डोळ्यांसमोर आहेत: सिंगल डोअर ५४ रुंद, ६३ खोल, १२० उंच, आणि डबल डोअर ५६ रुंद, ६६ खोल, १५५ उंच. दोघांच्या पुस्तिकेत बाजूंना ३-३, मागे ५ आणि वर १० सेंटिमीटर मोकळं ठेवा असं लिहिलं आहे असं धरू. प्रत्यक्षात हे आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, आणि ते पुस्तिकेतूनच घ्यावेत. विक्रीच्या पानावर ते बहुधा नसतात.

रुंदी आधी. ५६ आणि दोन्हीकडचे मिळून ६, झाले ६२. फट ६४. बसला. उंची: १५५ आणि १० म्हणजे १६५, आणि कपाट १६२ वर. तीन सेंटिमीटर कमी. 'ढकलला की जातो' हे खरं आहे, सात सेंटिमीटर उरतातच. पण गरम हवा फ्रिजच्या मागून वर चढते आणि नेमकी त्या कपाटाच्या तळाला आपटते. ती तिथेच घुटमळली की कॉम्प्रेसर लांब चालतो, बाजूचे पत्रे जास्त तापतात, आणि उन्हाळ्यात खालचा कप्पा हवा तेवढा गार होत नाही. इथे तीन मार्ग आहेत. कपाट पाचेक सेंटिमीटर वर घ्यायचं, हा सगळ्यात चांगला. किंवा १५२ पेक्षा कमी उंचीचा, २४० लिटरच्या आसपासचा डबल डोअर शोधायचा. नाहीतर सिंगल डोअर, ज्याच्या वर ४२ सेंटिमीटर उरतात. त्यातली १० हवेला सोडली तरी एक पातळ फळी भिंतीला ठोकून तिच्यावर डबे ठेवता येतात. फळी भिंतीला, फ्रिजवर नाही.

दार मात्र दोघांनाही सारखंच छळतं, आणि बहुतेकांची फसगत होते ती इथे. बहुतेक फ्रिजची बिजागरी उजवीकडे असते, आणि आपल्या कोपऱ्यात उजवीकडे भिंत आहे. ५६ रुंदीचा फ्रिज डावीकडे ३ सोडून बसवला तर भिंतीकडे ५ उरतात. भिंत फ्रिजच्या बरीच पुढे येत असेल, तर ५६ सेंटिमीटरचं दार ९० अंशांच्या पुढे जेमतेम पाच अंश जाऊन भिंतीला टेकेल. पंचाण्णव अंशांत बाटल्या काढता येतात, पण दाराच्या आतल्या बाजूचे कप्पे समोर आलेले असतात आणि भाजीची पेटी त्यांना अडकते. ती धुवायला बाहेर काढायची तर आधी दाराचे कप्पे काढा, पेटी तिरकी करा, मग ओढा. पेटी सरळ निघावी म्हणून दार ११० अंश उघडायचं असेल, तर भिंतीकडे १९ सेंटिमीटर हवेत. ६४ च्या फटीत ते शक्य नाही.

दोन गोष्टी करता येतात. दुकानात दार मुद्दाम ९० अंशांवर धरून भाजीची पेटी पूर्ण ओढून बघायची. काही मॉडेलमध्ये ती निघते, त्यांच्या पेट्या दाराच्या कप्प्यांपासून आत घेतलेल्या असतात. विक्रेता दार सताड उघडून दाखवतो, आपण ते अर्ध्यावर आणायचं. दुसरं म्हणजे बिजागरी डावीकडे घेता येईल असं मॉडेल निवडायचं. सिंगल डोअरमध्ये हे तुलनेने सोपं. डबल डोअरमध्ये दोन्ही दारांच्या आणि मधल्याही बिजागऱ्या फिरवाव्या लागतात, आणि वरच्या दारात डिस्प्ले किंवा बटणं असतील तर आतल्या तारांमुळे बहुधा ते जमतच नाही. आपल्या कोपऱ्यात डावी बिजागरी छान बसते. मागे ५ सोडले की डबल डोअरचं तोंड भिंतीपासून ७१ वर येतं. दाराची जाडी सहा धरली तर दार सोडून उरलेल्या फ्रिजची पुढची कड ६५ वर, म्हणजे ओट्याच्या पुढे ५. दार ओट्याच्या कडेला न घासता डावीकडे मोकळं फिरतं.

समोरच्या वाटेचा हिशेब लोक दाराच्या रुंदीवरून करतात. तो पेटीवरून करावा. भाजीची पेटी पूर्ण बाहेर काढली की साधारण ४० सेंटिमीटर पुढे येते. ९५ मधून ते गेले की ५५ उरतात. त्यात वाकून बसता येतं, पण मागच्या ओट्याला पाठ लागतेच. डबल डोअरमध्ये ही पेटी जमिनीलगत असते. सिंगल डोअर खणाच्या स्टँडवर असेल तर ती पंधरा-वीस सेंटिमीटर वर येते, आणि रोज भाजी काढणाऱ्याच्या गुडघ्यांना तो फरक कळतो. त्या स्टँडचा खण थंड नसतो, तिथे कांदे-बटाटेच जातात. उंची मोजताना मात्र तो धरायला विसरू नये. १२० चा फ्रिज १३५ च्या पुढे जातो.

मग या घराने कोणता घ्यावा? आता फ्रीझरचा प्रश्न परत येतो. समजा हे तिघं सुटीच्या दिवशी जास्तीचा स्वयंपाक करून अर्धा-अर्धा लिटरचे सहा डबे गोठवतात, शिवाय किलोभर मटार आणि बर्फाचे दोन ट्रे. डब्यांचे ३ लिटर, मटारचे २, ट्रेचे २, आणि चौकोनी डबे एकमेकांवर कधीच नीट बसत नाहीत म्हणून मधली पोकळी. दहा-बारा लिटर. बर्फ काढलेल्या सिंगल डोअरच्या फ्रीझरमध्ये हे मावतं. पण तो बर्फाने भरला की मावत नाही, सहा ताजे डबे एकदम ठेवले तर ते गोठायला वेळ लावतात, आणि दोन चांदण्यांच्या थंडीत मटार महिन्याच्या आत संपवावे लागतात. हे दर आठवड्याला होत असेल तर डबल डोअर घ्यावा आणि कपाट वर सरकवण्याचा खर्च त्यातच धरावा. फ्रीझरमध्ये बर्फ आणि कधीतरी एखादं पाकीट एवढंच असेल, तर १९० ते २१० लिटरचा सिंगल डोअर तिघांना पुरतो. त्या घरात दुसरं दार म्हणजे पन्नास लिटरची रिकामी थंड खोली, जिला वर्षभर वीज पाजायची.

मधला एक वर्ग आहे, ज्याला फ्रीझर नको पण बर्फ काढण्याचा कंटाळा आहे. त्यांना माझं मत पटणार नाही कदाचित, पण तरी सांगतो. बर्फ साचला की अधूनमधून एक रात्र देणं जमणार असेल तर निव्वळ त्यासाठी डबल डोअर घेऊ नये. जमणार नसेल, म्हणजे घरात त्यासाठी कुणालाच सवड नसेल, तर मात्र घ्यावा, कारण बर्फ न काढलेला सिंगल डोअर हा सगळ्यात वाईट पर्याय आहे.

फ्रिज घरी आला की खोक्यातून काढून उभा ठेवावा, आडवा आणला असेल तर काही तास तसाच राहू द्यावा, म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल खाली उतरतं. मग पुढचे दोन पाय फिरवून पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित उंच करावी. दार अर्धवट उघडं सोडलं की ते हळूहळू स्वतःच बंद झालं पाहिजे. दुसऱ्या दिवशी रात्री मधल्या कप्प्यात पेलाभर पाणी आणि त्यात साधा थर्मामीटर ठेवून झोपावं. सकाळी दार पहिल्यांदा उघडताच आकडा वाचावा. ३ ते ५ अंश असेल तर थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही. ७-८ असेल तर एक घर पुढे घेऊन पुढच्या रात्री तोच पेला पुन्हा ठेवायचा.